डिझेल गाडीतलं डीईएफ : खर्च किती, टिकतं किती, आणि गोठ्यातली बादली का खराब होते



गेल्या दोन-तीन वर्षांत डिझेल गाडी घेतलेल्या सभासदांचा एकच प्रश्न वारंवार येतोय. डिझेलने पैसे वाचतात म्हणून गाडी घेतली, पण आता हे निळ्या झाकणाचं पाणी विकत घालावं लागतं, मग वाचलं काय? आजचा संदेश त्यावरच आहे. थोडा मोठा आहे, सवडीने वाचा.

*आधी हे आहे काय*

एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि एप्रिल २०२३ पासून ते आणखी कडक झाले. त्यामुळे बऱ्याच डिझेल गाड्यांत धूर साफ करणारी एक यंत्रणा आली. तिला लागणारं द्रावण म्हणजे डीईएफ. कुणी त्याला ॲडब्लू म्हणतं, आणि पंपावरची पोरं सरळ 'युरिया' म्हणतात. त्यात ३२.५ टक्के अतिशय शुद्ध युरिया आणि बाकी क्षार काढलेलं पाणी असतं. गरम धुरात ते फवारलं जातं, त्याचा अमोनिया होतो आणि तो धुरातल्या विषारी नायट्रोजन ऑक्साइडचा साधा नायट्रोजन आणि वाफ करतो. ओल्या रानात युरिया विस्कटल्यावर जो वास येतो, तोच हा अमोनिया. इंजिनाच्या बाहेर धूर साफ होत असल्यामुळे कंपनीला इंजिन चांगल्या ॲव्हरेजवर चालवता येतं.

तुमच्या गाडीला ते लागतं का, हे डिझेलच्या झाकणाशेजारी निळं झाकण आहे का त्यावरून कळेल. काही गाड्यांत ते बॉनेटखाली किंवा डिकीत असतं, म्हणून गाडीचं पुस्तक एकदा बघा. आपल्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर ५० एचपीच्या आतले आहेत, त्यांना हे लागत नाही.

*आता हिशोब*

एकाच मॉडेलची पेट्रोल आणि डिझेल अशी दोन मोठ्या गाड्या धरू. गाडी गडहिंग्लजहून कोल्हापूरला, अधूनमधून पुण्याला जाते. वर्षाला १५,००० किलोमीटर. पेट्रोल गाडी लिटरला ११ देते, डिझेल १५ देते. हिशोबाला पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९१ रुपये धरलंय. निपाणीकडून भरणाऱ्यांनी आपला दर घालावा.

पेट्रोलला वर्षाला साधारण १ लाख ४१ हजार ८०० रुपये जातात. डिझेलला ९१ हजार. फरक पन्नास हजारांच्या थोडा वर.

आता डीईएफ. कुणाची गाडी हजार किलोमीटरला एक लिटर घेते, कुणाची अडीच. आपण दोन लिटर धरू, म्हणजे वर्षाला ३० लिटर. डबाबंद मालाला लिटरला ८० रुपये धरले तर २,४०० रुपये झाले. किलोमीटरला १६ पैसे. इंधनात किलोमीटरमागे ३ रुपये ३८ पैसे वाचतात, त्यातले १६ पैसे डीईएफने खाल्ले. डीईएफ जवळजवळ सतराशे रुपये लिटर झालं तरच सगळी बचत संपेल, इतका फरक आहे.

तेव्हा डिझेल गाडी परवडते की नाही, हे डीईएफवर ठरत नाही. ते तुम्ही किती फिरता त्यावर ठरतं. डिझेल मॉडेल दीड लाखाने महाग असेल तर वर्षाला १५,००० किलोमीटर चालवणाऱ्याचे ते पैसे तीन वर्षांच्या आसपास फिटतात. गाव ते तालुका करत वर्षाला ६,००० च चालवणाऱ्याला पावणेआठ वर्षं लागतात, आणि सर्व्हिसिंगचा जास्तीचा खर्च यात धरलेला नाही. अशा सभासदाने दुसऱ्यांदा विचार करावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तुमची गाडी नेमकं किती घेते हे असं काढा. टाकी पूर्ण भरा, किलोमीटर लिहून ठेवा. चार-पाच हजार किलोमीटरनंतर पुन्हा पूर्ण भरताना किती लिटर बसलं ते बघा. भरलेली गाडी घेऊन आंबोली किंवा गगनबावड्याचा घाट चढला की खप वाढतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण अचानक खप जवळजवळ थांबला तर खूश होऊ नका. फवारणारं तोंड चोंदलं असण्याची शक्यता जास्त, गाडी दाखवून घ्या.

*नुकसान होतं ते साठवणुकीत*

२० लिटरची बादली लिटरमागे आठ-दहा रुपयांनी स्वस्त पडते म्हणून लोक तीच घेतात. एकूण वाचतात दोनशे रुपये. मग ती पत्र्याच्या शेडमध्ये, पंपसेटच्या खोलीत किंवा गोठ्याच्या कडेला पडून राहते.

डीईएफचं आयुष्य उष्णतेवर असतं. बंद डबा कायम २५ अंशांच्या आत राहिला तर दीड वर्ष टिकतो. ३० अंशांपर्यंत एक वर्ष. ३५ अंशांपर्यंत सहाच महिने. त्याच्या वर गेला तर वापरण्याआधी तपासलाच पाहिजे. एप्रिल-मे मध्ये आपल्या पत्र्याखाली किती तापतं, हे तुम्हाला सांगायला नको. उष्णतेने युरिया हळूहळू फुटून अमोनिया उडून जातो आणि द्रावण पातळ होत जातं. झाकण सैल असेल तर उलट पाणी उडून ते घट्ट होतं.

म्हणून सहा महिन्यांत संपेल एवढंच घ्या. महिन्याला बाराशे किलोमीटर फिरणाऱ्याला अडीच लिटर लागतं, त्याला १० लिटरचा डबा चार महिने पुरतो. महिन्याला ५०० किलोमीटर फिरणाऱ्याने गाडीची टाकीही काठोकाठ भरू नये. त्याला महिन्याला एकच लिटर लागतं. १५-२० लिटर भरून ठेवलं तर ते गाडीखालच्या उष्णतेत दीड वर्ष पडून राहणार. पाच-सहा लिटर घाला, पुरे. वापर कळल्यावर पंपावर सुटं मिळत असेल तर तेच बरं, फक्त माल ताजा आहे आणि नळी स्वच्छ आहे एवढं बघा. डबा घेताना बनल्याची तारीख आणि डब्यावर ISO 22241 छापलंय का, हे दोन्ही वाचा.

डबा घरात, खाली फरशीवर, सावलीत ठेवा. पितळ, तांबं, साधं लोखंड किंवा जस्ताच्या भांड्यात ओतू नका, त्यातला धातू द्रावणात उतरतो. डिझेलचं किंवा औषध फवारणीचं नरसाळं तर मुळीच वापरू नका. झाकणाभोवती पांढरे खडे दिसले तर ते सुकलेलं डीईएफ आहे, स्वच्छ ओल्या कापडाने पुसा. हलका वास चालतो. डोळ्यांत झोंबणारा वास आला, किंवा द्रावण गढूळ, पिवळं दिसलं, तर ते गाडीत घालू नका.

*ब्रिक्स मीटरने तपासता येतं*

हे फार कमी लोकांना माहीत आहे. उसाचा उतारा बघायला आपण जे हँड रिफ्रॅक्टोमीटर वापरतो, त्याने डीईएफही मोजता येतं. आधी डिस्टिल्ड वॉटरचा थेंब टाकून शून्य लावा. पुसून डीईएफचे दोन थेंब टाका. चांगलं डीईएफ साधारण ३१ ब्रिक्स दाखवतं. ३० च्या खाली असेल तर पातळ झालंय, ३२ च्या वर असेल तर घट्ट झालंय. गाडीत तेवढ्यात तेवढं घाला की जे ३० ते ३२ च्या मध्ये आहे. ३२ पर्यंतच पट्टी असलेल्या मीटरवरही हे वाचता येतं. काम झालं की काच डिस्टिल्ड वॉटरने धुवा.

पण लक्षात ठेवा, हे मीटर फक्त दाटपणा सांगतं. त्यात धूळ, क्षार किंवा डिझेलचा अंश आहे का, हे ते सांगत नाही. साखरेचं पाणीही ३१ दाखवेल!

*खताचा युरिया घालू नका*

हिशोब मोहात पाडणारा आहे, हे मान्य. २६६ रुपये ५० पैशांच्या ४५ किलोच्या पोत्यातून सव्वाशे लिटर द्रावण होतं, म्हणजे लिटरला दोन-सव्वादोन रुपये. ब्रिक्स मीटरवर तेही ३१ दाखवू शकतं. आणि नाव 'युरिया'च असल्याने पंपावरच्या गप्पांत हा सल्ला हमखास मिळतो.

खताच्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो. त्यात बाय्युरेट नावाचा घटक डीईएफला चालतो त्याहून कितीतरी जास्त असतो. बोअरच्या पाण्यातले क्षार वेगळेच. बाय्युरेट आणि क्षार फवारणाऱ्या तोंडात दगडासारखे बसतात. धूर साफ करणाऱ्या जाळीवर क्षार बसले की ती कायमची निकामी होते. पहिले काही हजार किलोमीटर काहीच कळत नाही. मग दिवा लागतो, आणि पंप, इंजेक्टर, जाळी मिळून जे बिल येतं त्यात कित्येक वर्षांचं डीईएफ आलं असतं. वॉरंटीही जाते. शिवाय अनुदानाचा युरिया शेतीबाहेर वापरणं हा खत नियंत्रण आदेशाखाली गुन्हा आहे.

*दोन चुका झाल्या तर*

डीईएफ चुकून डिझेलच्या टाकीत गेलं, किंवा डिझेल निळ्या झाकणात गेलं, तर चावीसुद्धा फिरवू नका. गाडी ढकलून बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करून घ्या. इंजिन सुरू केलं नसेल तर खर्च टाकी धुण्यापुरताच राहतो.

डीईएफ संपत आल्याचा दिवा लागला की अजून बरेच किलोमीटर शिल्लक असतात, आकडा समोर दिसतो. तो शून्यावर आला तर चालती गाडी बंद पडत नाही, पण एकदा बंद केली की पुन्हा सुरू होत नाही. रात्री घाटात चहाला थांबलेल्याला ते फार महागात पडतं. साधं पाणी घालून वेळ मारून नेता येत नाही, बहुतेक गाड्यांतला सेन्सर ते ओळखतो.

ज्यांच्याकडे गेल्या उन्हाळ्याआधीचं डीईएफ शिल्लक आहे, त्यांनी ते गाडीत घालण्याआधी थोडं स्वच्छ धुतलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीत घेऊन कार्यालयात यावं. बाटली डिस्टिल्ड वॉटरने विसळलेली हवी. सोबत डब्यावरच्या तारखेचा फोटो आणा. ऊस तपासणीचं ब्रिक्स मीटर तिथे असतं, दोन मिनिटांत बघून देऊ.

— आपली शेतकरी उत्पादक कंपनी, सल्ला विभाग