पगारवाढीचा खरा आकडा

बेलापूरच्या कोकण भवनातील कर्मचारी हे नवी मुंबईतल्या कापड दुकानांचे बांधलेले गिऱ्हाईक. वेतन आयोग लागू झाला की आपले व्यापारी बंधू माल भरतात आणि उधारी सैल सोडतात. त्याआधी हिशेब समजून घ्यावा.

सातव्या वेतन आयोगाने जुन्या मूळ वेतनाला 2.57 ने गुणले. लोकांना वाटले, पगार अडीचपट झाला. पण 1 जानेवारी 2016 रोजी महागाई भत्ता 125 टक्के होता. म्हणजे ज्याचे मूळ वेतन 10,000 रुपये, त्याला भत्त्यासह 22,500 मिळतच होते. नवे मूळ वेतन 25,700 झाले आणि भत्ता शून्यावर आला. खरी वाढ 3,200 रुपयांची, सुमारे 14 टक्के. बाकी सारा जुना भत्ताच मूळ वेतनात मिसळला.

पुढे भत्ता पुन्हा चढू लागतो, पण मोठ्या रकमेवर. पूर्वी 2 टक्के म्हणजे 200 रुपये होते, आता 514. मात्र ही भरपाई महागाई होऊन गेल्यावर मिळते; तिने खरेदीची ताकद फारशी वाढत नाही.

महाराष्ट्रात नवे वेतन जानेवारी 2019 पासून हाती आले. मागील तीन वर्षांची थकबाकी पाच हप्त्यांत ठरली, तीही जुन्या पेन्शनवाल्यांच्या भविष्य निर्वाह निधीत जमा होणारी. ती बाजारात लगेच येणार नव्हती.

म्हणून उधारी देताना गुणक विचारू नका. आधी हातात किती येत होते आणि आता किती येते, तेवढेच विचारा.