मुलाखतीचे पत्र आल्यावर

मुलाखतीचे बोलावणे आले की घरात पेढे येतात, पण त्या पत्राला उत्तर लिहायचे असते हे बहुतेकांच्या ध्यानीच येत नाही. बँकेत नोकरीला असल्यामुळे परंड्यातील मुले अशी पत्रे घेऊन आमच्याकडे येतात. त्यांपैकी एकाची हकिकत येथे देतो.

पुण्यातील एका केंद्रीय संस्थेचे पत्र त्याला बारा दिवस आधी आले. वेळ सकाळी साडेनऊ. पत्ता मात्र शीर्षकावर छापलेला मुख्य कार्यालयाचा. मुलाखत तेथेच आहे असे पत्रात कोठेही म्हटलेले नव्हते. आम्ही त्याला त्याच दिवशी ई-मेल लिहायला बसविले. मजकूर असा झाला:

"महोदय, आपल्या पत्रानुसार १४ तारखेस सकाळी ९.३० वाजता मी मुलाखतीस उपस्थित राहीन. माझा नोंदणी क्रमांक वर विषयात दिला आहे. मुलाखत कोणत्या इमारतीत व कोणत्या मजल्यावर आहे, कोणत्या फाटकाने आत यायचे आणि तेथे काय दाखवायचे, हे कृपया कळवावे. अनुसूचित जातीचा दाखला केंद्र शासनाच्या नमुन्यातील लागेल काय? मूळ कागदांसोबत छायाप्रतींचे किती संच आणावेत?"

एवढेच. 'मला नोकरीची फार गरज आहे' हे वाक्य त्याने लिहिले होते, ते आम्ही खोडले.

दुसऱ्या दिवशी उत्तर आले. मुलाखत दुसऱ्याच इमारतीत होती. फाटकावर बोलावणे-पत्राची छापील प्रत व फोटोचे ओळखपत्र पाहून नोंदवहीत सही घेणार, मोबाइल तेथेच ठेवावा लागणार, म्हणून नऊपूर्वी पोहोचायचे. आणि दाखला केंद्राच्याच नमुन्यातील हवा.

त्याच्याजवळ होता तो राज्याच्या नमुन्यातील. बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या, राज्यात त्या आधीपासून होत्या. नमुने आजही वेगळे आहेत, आणि जातपडताळणीचे प्रमाणपत्र केंद्राच्या दाखल्याची जागा घेत नाही. हातात दहा दिवस होते, म्हणून तो दाखला काढता आला. प्रश्न आदल्या रात्री सुचला असता तर काय करणार?

कागद लावताना आणखी एक अडचण निघाली. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि वडिलांच्या नावात एक अक्षर कमी. क्रम बदललेला चालून जातो, अक्षराचा फरक अडतो. त्यासाठी प्रतिज्ञापत्र करून मूळ संचात ठेवले. छायाप्रतींवर स्वतःची सही केली.

परंड्याला रेल्वे नाही. कुर्डुवाडीला जाऊन रात्रीची गाडी धरावी लागते, ती उशिरा आली तर साडेनऊ हुकतात. तो आदल्या दिवशीच निघाला. अनुसूचित जातीच्या बेरोजगार उमेदवाराला काही ठिकाणी दुसऱ्या वर्गाचे भाडे परत मिळते. पत्रात तसे लिहिले असेल तर तिकिटे फेकू नयेत. यानेही एस. टी. चे तिकीट कुर्डुवाडीला उतरताच टाकून दिले होते. रेल्वेचे तेवढे खिशात राहिले.