चूक मागे कशी पोहोचते?

न्यूरल नेटवर्कमधील प्रत्येक थर आलेल्या आकड्यांना वजनांनी गुणून बेरीज करतो व ती सक्रियण फलनातून पुढे पाठवतो. शेवटचे उत्तर चुकले, की त्या चुकीत कोणत्या वजनाचा किती वाटा, हे उलट दिशेने काढून वजने थोडीथोडी बदलतात. यालाच बॅकप्रॉपगेशन म्हणतात.

मागे येताना प्रत्येक थरात फलनाच्या उताराने गुणावे लागते. सिग्मॉइड फलनाचा उतार जास्तीत जास्त पाव असतो. वजने १ धरली, तर चार थर ओलांडताना पावाचा पाव होत चुकीचा फार तर २५६ वा भाग उरतो. म्हणून शेवटचे थर शिकतात, पण पहिल्या थरांची वजने जवळजवळ हलतच नाहीत. हीच या दोषाची खूण. रेलू फलनाचा उतार धन बेरजेला १ असल्याने ही घट टळते. मात्र बेरीज ऋण असल्यास उतार शून्य होऊन तो न्यूरॉन त्या उदाहरणातून काहीच शिकत नाही.