रायफलीच्या घशाविषयी



तुझे पत्र पावले. तुझ्या ताब्यातील शस्त्रागारात .३०३ च्या दोन रायफली आहेत. पैकी जिच्या नावे नोंदवहीत सुमारे ७,००० गोळ्या चढल्या आहेत ती १०० यार्डांवर अजूनही पाच गोळ्या तीन इंचांच्या आत बसवते, आणि जिच्या नावे जेमतेम ४,००० आहेत तिच्या गोळ्या सात इंचांवर विखुरतात, तेव्हा वही खोटी मानावी की काय, असे तू विचारतोस. वही खरी असावी असेच मला वाटते. फक्त तिच्यात किती गोळ्या झाडल्या एवढाच रकाना आहे, कशा झाडल्या हा रकाना कोणी आखलेलाच नाही, आणि या प्रकरणाचे सारे मर्म त्या न आखलेल्या रकान्यात आहे.

परंतु नळीवर आरोप ठेवण्यापूर्वी इतरांची झडती घे. दस्त्याचे स्क्रू ढिले असले, पुढचे लाकूड पावसाळ्यात फुगून नळीला एका अंगाने रेटत असले, किंवा माशी हलत असली, तरीही निशाणावर हेच चित्र उमटते. खाचांत गोळीच्या आवरणाचा धातू साचला असेल तर नळी नीट साफ केल्यावर नेम परत येतो; झिजलेल्या नळीचा मात्र कितीही घासली तरी येत नाही. त्याखेरीज तोंडाकडचा भाग पाहा. साफसफाईची दोरी रोज एकाच बाजूला घासून ओढणाऱ्या शिपायांनी कित्येक नळ्यांची तोंडे अंडाकृती करून ठेवली आहेत, आणि त्या नळ्यांनी आयुष्यात फारशी दारूही पाहिलेली नसते. हे सर्व निर्दोष निघाले तरच घशाकडे वळावे.

घसा म्हणजे काडतुसाच्या घराच्या पुढचा तो अल्पसा भाग, जेथे गोळी काडतुसातून सुटते परंतु नळीतील उंचवट्यांनी तिला अद्याप धरलेले नसते. दारूच्या ज्वाळेचे तापमान पोलादाच्या वितळण्याच्या तापमानाहून, म्हणजे सुमारे १,५०० अंश सेल्सियसहून, बरेच अधिक असते. तरी नळी वितळत नाही याचे कारण इतकेच की तो प्रसंग सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याच्या एक-दोन पटींत आटोपतो आणि उष्णतेला धातूत खोल शिरण्यास अवकाशच मिळत नाही. मात्र अगदी वरचा, केसाहूनही पातळ असा थर क्षणभर लालबुंद होतो, प्रसरण पावू पाहतो, मागच्या थंड धातूने जखडल्यामुळे त्याला पसरता येत नाही, आणि लगेच निवताना तो आकसतो व कठीण, ठिसूळ बनतो. अशा शेकडो आवर्तनांनंतर, उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या चिखलाला पडतात तशा भेगांचे जाळे तेथे उमटते, त्या भेगांत वायू घुसतो, आणि सुटलेले कण गोळीमागून धावणाऱ्या वायूच्या झोताबरोबर वाहून जातात. गोळीच्या घर्षणाने नळी झिजते असा समज आपल्या लोकांत दृढ आहे. घर्षणाचा वाटा आहेच, परंतु घशापुरता तरी खरा अपराधी उष्णताच होय.

याची साक्ष याच रायफलीच्या पूर्वजांत सापडते. १८८८ साली ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेल्या ली-मेटफर्ड रायफलीच्या सात खाचा उथळ व गोलसर कडांच्या होत्या, कारण त्या काळ्या दारूसाठी योजिल्या होत्या आणि त्या दारूची काजळी अशा खाचांत कमी साचे. पुढे कॉर्डाइट आले. आरंभीच्या कॉर्डाइटमध्ये नायट्रोग्लिसरीन ५८ टक्के असे आणि ते अत्यंत उष्ण जळे. त्या उष्णतेपुढे उथळ खाचा लवकरच पुसल्या जाऊ लागल्या, म्हणून १८९५ मध्ये एनफील्डच्या पाच खोल, चौकोनी कडांच्या खाचा घेतल्या गेल्या, आणि पुढच्या सुधारलेल्या कॉर्डाइटमध्ये नायट्रोग्लिसरीन ३० टक्क्यांवर उतरविण्यात आले. गोळी साधारण तीच असता केवळ दारू बदलल्याने नळीचे आयुष्य बदलले, हे ध्यानात ठेव. याच कारणाने .२२ ची रायफल, जिची दारू चिमूटभर व गोळी मऊ शिशाची, पिढ्यान्‌पिढ्या टिकते, आणि लहान भोकामागे मोठे काडतूस जोडलेल्या शिकारी रायफलीचा घसा हजार-दीड हजार गोळ्यांतही उतरतो.

आता तुझ्या ४,००० वाल्या रायफलीकडे. तूच लिहितोस की ती शीघ्र गोळीबाराच्या प्रात्यक्षिकांस नेहमी काढली जाई. मिनिटास पंधरा नेमके बार हा जुन्या इंग्रजी पायदळाचा प्रघात. तो साधताना प्रत्येक बार आधीच तापलेल्या नळीत पडतो. नळीचे अंग थंड असेल तर आतला थर क्षणात तापून क्षणात निवतो. अंगच हाताला चटका देण्याइतके तापले असेल तर त्या थराचे शिखर प्रत्येक बारागणिक आणखी वर चढते, निवणे मंदावते, आणि एक-एक गोळी संथ गोळीबारातल्या अनेक गोळ्यांइतकी खर्चिक ठरते. दुसरी रायफल संथ चांदमारीवर जगली. म्हणून तिचा आकडा मोठा आणि झीज थोडी. तापलेली नळी त्याच दिवशीही नेम हलविते, कारण ती लाकडाशी असलेला आपला मेळ बदलते आणि तिच्यावरून उठणारी हवा निशाण थरथरविते. परंतु हा दोष निवल्यावर जातो, घशाचा जात नाही.

घसा लांबला व रुंदावला की सुटलेली गोळी आधाराशिवाय अधिक अंतर उडी मारते, वायू तिच्या बाजूने पुढे निसटतो, आणि ती उंचवट्यांत किंचित तिरकी शिरली तर तिरकीच बाहेर पडते. म्हणून ऱ्हासाची पहिली खूण सरसकट विखुरणे ही नसून, चार गोळ्या एकत्र आणि पाचवी अकारण दूर, अशी असते. त्यानंतर वेग थोडा घटतो व लांबच्या निशाणावर मारा खाली उतरतो. अगदी शेवटी कागदावर लांबट, आडवी भोके दिसू लागतात.

ही मोजदाद तू स्वतः करू शकतोस. रायफल रिकामी असल्याची खात्री कर, बोल्ट काढ, एक सुटी गोळी मागून घशात घालून लाकडी काडीने उंचवट्यांना टेकेपर्यंत हलकेच दाब आणि काडीने तशीच धरून ठेव; मग तोंडाकडून सफाईचा गज तिच्या टोकास लागेपर्यंत सोड आणि नळीच्या तोंडाशी गजावर खूण कर. घसा झिजला की गोळी पुढे जाऊन बसते, गज तितका कमी आत जातो, आणि जुनी खूण तोंडाबाहेर राहते. जितकी बाहेर, तितकी उंचवट्यांच्या आरंभाची पीछेहाट. दर वेळी तीच गोळी वापर, नाहीतर दोन गोळ्यांच्या आकारातील भेदच तू झीज म्हणून वहीत चढवशील. यातून लांबी कळते, रुंदी व भेगा कळत नाहीत. त्यासाठी वर्कशॉपचे गेजच हवे.

या दोन्ही रायफलींची नवेपणीची खूण तुझ्याजवळ नाही, तेव्हा न वापरलेल्या नळीवरून एक मूळ खूण घेऊन तिच्याशी दोघींची रुजुवात कर, आणि आजच्या खुणाही तारखेसह नोंद. वहीत नवा रकाना आख: संथ किती, शीघ्र किती. नळी हातात धरवेनाशी झाली की गोळीबार थांबवून बोल्ट उघडा ठेव आणि तापलेल्या घरात काडतूस मुळीच पडू देऊ नकोस, कारण कॉर्डाइट तापले की दाब वाढतो. ४,००० वाली गेजवर नापास झाली तर नळी बदलण्याचा अर्ज कर; नवी नळी बसल्यावर मागची बेरीज पुढे ओढू नकोस, त्याच रायफलीच्या क्रमांकाखाली आकडा शून्यापासून धर.