बूस्टरआधी खिडकीत जाऊन बघा

घरात रेंज येत नाही म्हटलं की पहिला विचार बूस्टरचा येतो. माझ्या मते फ्लॅटसाठी तो बहुतेक वेळा चुकीचा उपाय आहे. फोनच्या दांड्यांवर विसंबू नका, त्या प्रत्येक कंपनी आपल्या हिशेबाने काढते. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये Settings, About phone, SIM status असं गेलं की Signal strength समोर -85 dBm असा आकडा दिसतो. खिडकीत -85 आणि आतल्या खोलीत -112 दिसत असेल, तर दर दहा डेसिबलला दहापट या हिशेबाने भिंतींनी सिग्नल पाचशेपट खाल्ला. टॉवर निर्दोष आहे. खिडकीतच -112 असेल, तर बूस्टरने वाढवायचं तरी काय?

मग पहिल्या घरात बूस्टर चालेल, असं कुणी म्हणेल. बूस्टरचा एक अँटेना बाहेर असतो, एक आत. दोघांमधली तूट बूस्टरच्या वाढीपेक्षा कमी पडली, की आतला सिग्नल पुन्हा बाहेरच्या अँटेनात शिरतो आणि सभागृहातल्या माइकसारखी शिट्टी सुरू होते. सहा मीटर अंतराने 900 मेगाहर्ट्झवर साधारण 47 डेसिबल तूट मिळते, भिंतीचे दहा धरले तरी 57. साठ डेसिबलच्या यंत्राला ती पुरत नाही. ही शिट्टी आपल्याला ऐकू येत नाही. ती टॉवरला ऐकू येते, आणि शेजाऱ्यांचे कॉल तुटू लागतात. म्हणूनच आपल्याकडे परवानाधारक मोबाइल कंपनीखेरीज कुणी बूस्टर बसवणं बेकायदा आहे. ऑनलाइन सहज मिळतो, हा काही परवाना नव्हे.

जाड भिंतींच्या घराला त्यापेक्षा सोपी वाट आहे: वाय-फाय कॉलिंग. घरात ब्रॉडबँड असेल तर सेटिंग चालू करा, मग फ्लाइट मोड लावून फक्त वाय-फाय सुरू ठेवा आणि कॉल करून बघा. लागला, तर भिंतींचा प्रश्न संपला. आतल्या खोलीत वाय-फायही मरत असेल, तर दुसरा राउटर तिथे केबलने जोडा. वीज गेली की काय, हा आक्षेप रास्त आहे. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस त्यावर पुरतो.

लिफ्ट आणि तळघर मात्र वेगळं प्रकरण. लिफ्टचा डबा पोलादी, तिथे वाय-फायवरचा कॉलही बऱ्याचदा मध्येच तुटतो. अडकल्यावर मोबाइल लागेल या भरवशावर राहूच नये. तारेने जोडलेला इंटरकॉम आणि धोक्याची घंटा सोसायटीने दर महिन्याला दाबून बघावी. तळघरातल्या पार्किंगसाठी मोबाइल कंपनीच इमारतीत अधिकृत अँटेना बसवू शकते. अर्ज सोसायटीच्या नावाने करा आणि ‘रेंज नाही’ एवढंच न लिहिता, पार्किंगच्या चार कोपऱ्यांतले आणि लिफ्टच्या दारातले आकडे प्रत्येक कंपनीच्या सिमवर मोजून जोडा.