गाभण मांजर : शांत खोकं आणि हाताशी घड्याळ



मांजर साधारण ६३ ते ६५ दिवसांनी विते. समजा, १० फेब्रुवारीला बोक्याशी मिलन झालं, तर १४ एप्रिलच्या आसपास पिल्लं होतील. म्हणजे मनीषनगरात कूलर सुरू असण्याचे दिवस!

आठ-दहा दिवस आधीच एक मोठं पुठ्ठ्याचं खोकं तयार ठेवा. आत जुने सुती कपडे अंथरा. एका बाजूला दार कापा, पण खाली वीतभर पुठ्ठा राहू द्या. त्यामुळे मांजर सहज ये-जा करते, पिल्लं मात्र बाहेर पडत नाहीत. खोकं अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवा. कूलरची हवा थेट लागू देऊ नका, कारण ओल्या पिल्लांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही.

व्यायच्या आदल्या दिवशी मांजर बहुधा खाणं सोडते, येरझाऱ्या घालते, कपडे उकरते. मग कळा सुरू होतात. मुलांना खोलीबाहेर ठेवा. माणसांच्या गर्दीने मांजर घाबरते आणि कळा थांबूही शकतात. आपण दुरून फक्त वेळ लिहून ठेवायची.

समजा, रात्री ९ वाजता जोराच्या कळा सुरू झाल्या आणि साडेनऊपर्यंत एकही पिल्लू आलं नाही, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच पशुवैद्यांना फोन करा. पिल्लू अडकलेलं असू शकतं. ते हाताने ओढू नका.