१८ गुण मिळवणारी मुलगी नापास कशी झाली?

प्रश्न : आमच्या शाळेत ४० गुणांची घटक चाचणी झाली. निकालपत्रकात ते गुण २० पैकी मांडायचे होते. मी प्रत्येकाचे गुण निम्मे केले. सहकाऱ्यांनी मात्र संगणकावर ‘किमान-कमाल’चं सूत्र लावलं. ४० पैकी १८ मिळवणाऱ्या एका मुलीला माझ्या हिशेबाने ९ मिळतात, त्यांच्या हिशेबाने ५. बरोबर कोण?
– एक शिक्षिका, सांगली जिल्हा

उत्तर : निकालपत्रकात ९ च लिहा. सहकाऱ्यांच्या सूत्रात गणिताची चूक काहीच नाही, पण ते ज्या प्रश्नाचं उत्तर देतं तो प्रश्न निकालपत्रकाचा नाही.

सूत्र सोपं आहे. विद्यार्थ्याच्या गुणांतून वर्गातले सर्वांत कमी गुण वजा करायचे आणि जे उरेल त्याला सर्वांत जास्त व सर्वांत कमी यांच्यातल्या फरकाने भागायचं. उत्तर नेहमी ० ते १ च्या दरम्यान येतं. नवे गुण २० पैकी हवे असतील तर त्या अपूर्णांकाला २० ने गुणायचं.

सोयीसाठी पाचच मुलांचा वर्ग धरू. त्यांचे गुण १२, १८, २४, ३०, ३६. किमान १२, कमाल ३६, फरक २४. तुमच्या विद्यार्थिनीचे १८ घेतले तर १८ वजा १२ म्हणजे ६. ६ भागिले २४ म्हणजे ०.२५, त्याची २० पट ५. अशाच रीतीने पाचही जणांचे गुण ०, ५, १०, १५, २० होतात. निम्मे केले असते तर ६, ९, १२, १५, १८ झाले असते.

या दोन ओळी एकाखाली एक मांडून पाहा. ३० गुणवाल्याला दोन्हीकडे १५ च आहेत. त्याच्या वरच्याचा फायदा झाला, १८ चे २० झाले. त्याच्या खालच्या प्रत्येकाचं नुकसान झालं आणि जो जितका खाली, तितकं ते जास्त. क्रम कुणाचाच बदलला नाही. मूळ गुणांत शेजारच्या दोघांत सहा-सहाचं सारखं अंतर होतं, तेही नव्या गुणांत पाच-पाचचं सारखंच राहिलं. मोडलं ते शून्यापासूनचं अंतर. ३६ हे १८ च्या दुप्पट होते. नव्या गुणांत २० हे ५ च्या चौपट झाले. उत्तीर्ण होण्याची अट ३५ टक्के असेल तर २० पैकी ७ लागतात. म्हणजे ४५ टक्के मिळवलेली तुमची विद्यार्थिनी केवळ रूपांतरात नापास होते. तिने पेपरात काय लिहिलं याचा या निकालाशी संबंधच उरत नाही. ‘या वर्गात सर्वांत खालच्यापासून सर्वांत वरच्यापर्यंतच्या वाटेवर ती कुठे उभी आहे?’ एवढंच हे सूत्र सांगतं. ‘तिला किती आलं?’ हे ते सांगत नाही.

मला याहून मोठा दोष दुसरा वाटतो. सगळ्या वर्गाचे गुण दोनच मुलांच्या हाती जातात. समजा, गैरहजर राहिलेल्या सहाव्या मुलाच्या नावापुढे कुणी ० लिहिला. आता किमान ०, फरक ३६. त्याच मुलीच्या १८ गुणांचे आता २० पैकी १० होतात आणि ती पास होते. पेपर तोच, तपासणी तीच, फक्त दुसरा कुणीतरी त्या दिवशी आला नाही! १२ गुणवाल्याचेही ० चे पावणेसातच्या आसपास होतात. पहिला आलेला तेवढा जागचा हलत नाही. ३६ च्या जागी ६३ टंकलं गेलं तर उलट घडतं, बाकी सगळे खाली दाबले जातात.

सहकाऱ्यांच्या तक्त्यात गुण B2 ते B6 या चौकटींत असतील, तर सूत्र असं असायला हवं :

```
=(B2-MIN(B$2:B$6))/(MAX(B$2:B$6)-MIN(B$2:B$6))*20
```

त्यातलं डॉलरचं चिन्ह विसरू नये. ते नसेल तर सूत्र खाली ओढताना किमान-कमाल शोधण्याची हद्दही एकेक ओळ खाली सरकते. आपले गुण चढत्या क्रमाने लिहिलेले असतील तर पहिल्या चौघांना ० मिळतो आणि शेवटच्या ओळीत `#DIV/0!` दिसतं. कारण तिथे हद्दीत एकच आकडा उरतो, किमान आणि कमाल सारखे होतात आणि शून्याने भागायची वेळ येते. सगळ्या वर्गाला सारखेच गुण पडले तरी हेच होईल.

गैरहजर मुलाची चौकट रिकामी ठेवली तर किमान शोधताना संगणक ती वगळतो, पण त्या मुलाच्या स्वतःच्या ओळीत रिकाम्या जागेला शून्य समजतो. आपल्या उदाहरणात त्याला उणे १० गुण मिळतील. ‘गैरहजर’ असा शब्द लिहिला तर त्या ओळीत `#VALUE!` येतं. या दोन चुका निदान डोळ्यांत भरतात. सर्वांत घातक ते लिहिलेलं ०, कारण त्यात सगळे आकडे नीटनेटके दिसतात आणि सगळेच चुकलेले असतात.

आता किमान आणि कमाल म्हणून वर्गातले १२ आणि ३६ न घेता प्रश्नपत्रिकेचे ० आणि ४० घेऊन पाहा. १८ भागिले ४०, गुणिले २० म्हणजे ९. तुमची निम्मे करण्याची रीत निघाली ती याच सूत्रातून. म्हणजे तुम्हा दोघांत फरक आहे तो फक्त टोकं कुठली धरली याचा. प्रश्नपत्रिकेची टोकं पेपर छापतानाच ठरलेली असतात, वर्गाची टोकं निकाल लागल्यावर ठरतात. पेपराचं खालचं टोक शून्यच असतं असंही नाही. ‘नीट’च्या १८० प्रश्नांत बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीच्या उत्तराला उणे १, म्हणून तिथली टोकं उणे १८० आणि ७२० आहेत. शून्य गुण मिळवणारा विद्यार्थी त्या मापावर ०.२ वर येतो.

मग हे सूत्र शाळेत कुठे कामाला येतं? जिथे ‘पैकी’ असं काही नसतं तिथे. शंभर मीटर धावण्याचे सेकंद २० गुणांत बसवायचे तर निम्मे कशाचे करणार? अशा वेळी १४ आणि २० सेकंद ही टोकं ठरवावीत. इथे कमी वेळ चांगला, म्हणून वजाबाकी उलटी करायची. साडेपंधरा सेकंद घेणाऱ्या मुलीचे २० वजा १५.५ म्हणजे ४.५, भागिले ६ म्हणजे ०.७५, म्हणजे २० पैकी १५ गुण.

संयुक्त राष्ट्रांचा मानव विकास निर्देशांकही याच सूत्रावर उभा आहे. त्यात आयुर्मानाची टोकं २० आणि ८५ वर्षं अशी ठरवून दिलेली आहेत. आयुर्मान ७२ वर्षं असलेल्या देशाचे ७२ वजा २० म्हणजे ५२. भागिले ६५ म्हणजे ०.८. दुसऱ्या एखाद्या देशात साथ येऊन आयुर्मान कोसळलं तरी हे ०.८ हलत नाहीत.

तेव्हा मैदानी चाचणीला हे सूत्र लावायचं असेल तर १४ आणि २० हे आकडे मुलं धावण्यापूर्वीच पत्रकाच्या माथ्यावर लिहून ठेवा. एखादी मुलगी साडेतेरा सेकंदांतच पोचली तर अपूर्णांक १ च्या वर जाईल आणि कुणाला २१ सेकंद लागले तर तो शून्याखाली उतरेल. पहिलीला २० च गुण आणि दुसऱ्याला ० च, हा नियमही तिथेच, त्याच वेळी लिहा.